जेवणानंतर पोटातून पाठीत आरपार जाणारी कळ : स्वादुपिंडाकडे कधी पाहावे?

पिंपळपान

गेले सात महिने माझ्या यजमानांना एकाच प्रकारच्या दुखण्याने हैराण केले आहे. त्यांचे वय ४४ आहे. जेवून उठल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत छातीच्या हाडाखालच्या खळगीत दुखायला सुरुवात होते आणि मग ते दुखणे, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, गिरमिटाने लाकूड पोखरावे तसे आत आत शिरत पाठीतून बाहेर निघते. पाठीत नेमके कुठे दुखते असे विचारले, तर ते हात मागे वळवून मणक्याच्या मधोमध, शेवटच्या बरगड्यांच्या पातळीवर तळवा टेकवतात. उताणे झोपले की दुखणे असह्य होते. पलंगाच्या कडेला बसून, उशी पोटाशी घट्ट धरून पुढे वाकले, की थोडे निवते. अशा अवस्थेत दोन-तीन तास जातात.

आता त्यांनी रात्रीचे जेवण जवळजवळ सोडलेच आहे. वजन ७१ किलोवरून ६२ वर आले. एंडोस्कोपीत जठराला किरकोळ लाली दिसली म्हणून आम्लपित्ताच्या गोळ्या चार महिने दिल्या, पण काडीचा फरक पडला नाही. सोनोग्राफी नॉर्मल आहे, रक्तातील अमायलेजही नॉर्मल आहे. पाठीसाठी मणक्याचा एमआरआय काढला, त्यात एक चकती किंचित झिजल्याचे दिसले आणि सगळ्यांचे लक्ष तिकडेच गेले. परवा एका परिचित परिचारिकेने 'स्वादुपिंड पाहिले का?' असे विचारले. पोटातल्या एका ग्रंथीमुळे पाठ अशी दुखू शकते का, हे समजून घ्यायचे आहे.

दीपमाळ

मला हा अल्सरच वाटतो. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात मागच्या भिंतीला अल्सर झाला, तर त्याचीही कळ पाठीत जाते. माझ्या मोठ्या भावाच्या बाबतीत असेच झाले होते. स्वादुपिंडाला सूज आली असती तर माणूस जमिनीवर लोळला असता आणि अमायलेज आकाशाला भिडले असते. ज्या अर्थी अमायलेज नॉर्मल आहे, त्या अर्थी स्वादुपिंडाची शंका मनातून काढून टाकावी. औषधाची मात्रा वाढवून पाहा.

उन्हाची तिरीप

पाठदुखीबद्दल सांगायचे तर मलाही दुपारी जेवून पुन्हा खुर्चीत बसले की पाठ भरून येते. खुर्चीची उंची बदलली आणि कमरेमागे छोटी उशी ठेवली, तेव्हा बराच आराम पडला. तुमच्या यजमानांचे काम बैठे आहे का?

पिंपळपान

@उन्हाची तिरीप, त्यांचे काम उभ्याने करायचे आहे आणि दुखणे बसण्याने नव्हे तर खाण्याने येते. ज्या दिवशी ते काही खात नाहीत, त्या दिवशी दिवसभर उभे राहूनही पाठ दुखत नाही. माझ्या पहिल्या लिखाणात हे नीट आले नव्हते.

वाटसरू

ताई, तुमचे शेवटचे वाक्य मणक्याच्या एमआरआयपेक्षा अधिक मोलाचे आहे. मी पोटविकारांच्या विभागात बरीच वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. रुग्ण समोर नसताना निदान करू नये, हे मी जाणतो. परंतु तुम्ही केलेले वर्णन वाचून स्वस्थ बसवत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

स्वादुपिंड पोटात आहे असे आपण म्हणतो, पण ते पोटाच्या पोकळीत सैल तरंगणारे इंद्रिय नाही. ते जठराच्या मागे, पोटाच्या मागील भिंतीला चिकटून, कण्यावर आडवे टेकलेले असते. त्याचे डोके उजवीकडे लहान आतड्याच्या वळणात अडकलेले असते आणि शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत पोहोचते. त्याच्या मागे लगेच महाधमनी, मज्जातंतूंचे दाट जाळे आणि कणा. म्हणजे समोरून पाहिले तर ते जठराच्या आड दडलेले आणि मागून पाहिले तर पाठीच्या अगदी जवळ आहे. शिवाय त्याच्याकडून निघणारे वेदनेचे तंतू मज्जारज्जूत ज्या पातळीला शिरतात, तिथेच छातीच्या मधल्या व खालच्या भागातील पाठीच्या संवेदनाही येऊन मिळतात. त्यामुळे मेंदूला दुखण्याचा पत्ता एकाच वेळी खळगीचा आणि पाठीचा मिळतो. पुढे वाकल्यावर जठर आणि भोवतालचे अवयव पुढे सरकतात, ग्रंथीवरचा आणि मागच्या जाळ्यावरचा ताण कमी होतो. उताणे झोपल्यावर याच्या उलट होते. तुमच्या यजमानांना उशी पोटाशी धरायला कोणी शिकवले नसेल, पण हे दुखणे असलेली माणसे आपसूक तसेच बसतात.

आता जेवणाचा संबंध पाहू. जठरातून स्निग्ध आणि प्रथिनयुक्त अन्न लहान आतड्यात उतरू लागले की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. त्याच्या हुकुमावरून स्वादुपिंड पाचकरस ओतू लागते. दिवसभरात हा रस साधारण दीड लिटर भरतो. रस्ता मोकळा असेल तर कोणाला काही जाणवत नाही. परंतु नलिकेत खडा अडकला असेल, ती चट्टे पडून अरुंद झाली असेल किंवा बाहेरून गाठीने दाबली असेल, तर मागे रस साठतो आणि दाब वाढतो. जुन्या सुजेने ग्रंथी तंतुमय आणि कडक झालेली असेल, तर तिला फुगायलाही जागा उरत नाही. म्हणून दुखणे घास पोटात जाताक्षणी येत नाही. अन्न आतड्यात उतरायला लागणारा वेळ गेल्यावर, म्हणजे बहुधा पंधरा ते तीस मिनिटांनी, ते सुरू होते.

दीपमाळ यांनी मागच्या भिंतीच्या अल्सरचा मुद्दा मांडला तो बरोबर आहे आणि एंडोस्कोपी झाली हे चांगलेच झाले. पण आतड्याच्या अल्सरचे दुखणे बहुतेकदा पोट रिकामे असताना येते आणि खाल्ल्यावर काही काळ शांत होते. शिवाय तो अल्सर चार महिन्यांच्या औषधाने निदान काही प्रमाणात तरी निवायला हवा होता. अमायलेजबाबत मात्र मी ठामपणे असहमत आहे. स्वादुपिंडाला अचानक आलेल्या सुजेत अमायलेज किंवा लायपेज नॉर्मलच्या तिपटीपेक्षा वर जाते, हे खरे. जुनाट सुजेत मात्र विकरे तयार करणाऱ्या पेशीच हळूहळू नष्ट झालेल्या असतात. जिथे कारखानाच ओस पडत चालला आहे, तिथून माल रक्तात सांडणार कुठून? त्यामुळे नॉर्मल अमायलेज या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

मला चार गोष्टी सांगा. सोनोग्राफीच्या अहवालात स्वादुपिंडाबद्दल नेमके काय शब्द लिहिले आहेत? मळ फिकट, तेलकट, दुर्गंधीयुक्त आणि पाण्यावर तरंगणारा असतो का? रक्तातील साखर अलीकडे वाढली आहे का? धूम्रपान, मद्यपान किंवा पूर्वी पोटदुखीसाठी रुग्णालयात दाखल होण्याचा काही इतिहास आहे का?

रानवारा

माझे पित्ताशय चार वर्षांपूर्वी काढले. तळलेले खाल्ल्यावर रात्री उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि ती उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत जायची. डॉक्टरांनी 'पित्ताशय आकुंचन पावताना खडा तोंडाशी अडकतो' असे सांगितले होते. तुमच्या यजमानांची सोनोग्राफी नॉर्मल आहे म्हणजे खडे नाहीत, असे धरायचे का? लक्षणे मला बरीच ओळखीची वाटतात.

वाटसरू

@रानवारा, ओळखीची वाटणे स्वाभाविक आहे, कारण पित्ताशयाला आकुंचन पावण्याचा आदेश देणारे संप्रेरकही तेच कोलेसिस्टोकायनिन आहे. त्यामुळे दोन्ही दुखणी जेवणाशी जोडलेली असतात. फरक असा, की पित्ताशयाची कळ उजवीकडे व फऱ्याकडे झुकते, झटक्यांनी येते आणि दोन झटक्यांमध्ये माणूस बरेचदा आठवडेच्या आठवडे ठणठणीत असतो. पित्ताशयातले खडे सोनोग्राफी चांगले दाखवते, म्हणून त्या बाबतीत नॉर्मल अहवालावर बराच विश्वास ठेवता येतो. स्वादुपिंडाच्या बाबतीत तसा ठेवता येत नाही, कारण समोर जठर आणि मोठ्या आतड्यातला वायू आडवा येतो. तरीही एक गोष्ट विसरू नये. पित्ताशयातला लहान खडा खाली घसरून स्वादुपिंडाच्या तोंडाशी अडकतो आणि अचानक सूज आणतो. म्हणजे तुमचे दुखणे आणि या धाग्यातले दुखणे एकमेकांपासून अगदीच दूर नाहीत.

पिंपळपान

कपाटातून सगळे अहवाल काढून पुन्हा वाचले. सोनोग्राफीच्या निष्कर्षात 'विशेष काही आढळले नाही' असे ठळक अक्षरांत आहे. परंतु वरच्या मजकुरात एक ओळ अशी आहे: 'स्वादुपिंडाच्या शीर्षाचा काही भाग दिसतो, मध्यभाग व शेपूट वायूमुळे दिसत नाही.' सात महिन्यांत ही ओळ आमच्यापैकी कोणीही वाचली नव्हती.

मळाबद्दल विचारल्यावर ते थोडे संकोचले. दोन-तीन वेळा पाणी सोडूनही तो वाहून जात नाही आणि पाण्यावर तेलाची झाक राहते, हे दोन महिन्यांपासून चालू असल्याचे त्यांनी आता सांगितले. उपाशीपोटी साखर गेल्या वर्षी ९४ होती, या महिन्यात १३८ आली. वीस वर्षांपासून ते रोज एक पाकीट सिगारेट ओढतात. मद्य पूर्वी बऱ्यापैकी घेत असत, दोन वर्षांपासून बंद आहे. सहा वर्षांपूर्वी तीव्र पोटदुखी आणि उलट्यांमुळे चार दिवस दाखल होते आणि तेव्हा 'जठराचा दाह' असे निदान लिहिले होते. ते खरोखर जठराचेच होते का, अशी शंका आता येते.

दीपमाळ

अमायलेजबद्दलचे माझे विधान चुकीचे होते हे मान्य करतो. पण एक प्रश्न उरतो. दोन वर्षांपूर्वीच मद्य बंद केले असेल, तर आता हा आजार कसा वाढेल? कारण गेले की कार्यही थांबायला हवे.

वाटसरू

मद्य हे एक कारण झाले, एकमेव नव्हे. धूम्रपान हे या आजाराचे स्वतंत्र कारण आहे आणि आजार पुढे ढकलणारेही आहे. मद्य सोडून सिगारेट चालू ठेवलेले रुग्ण मी कितीतरी पाहिले. काहींच्या घराण्यात जनुकीय बदल असतात, काहींमध्ये कारण शेवटपर्यंत सापडत नाही. आणि एकदा नलिकेत खडे व चट्टे झाले, की ते आपोआप विरघळत नाहीत. आग विझली तरी पडलेली भिंत पडलेलीच राहते.

ताई, आता शंका बरीच दाट झाली आहे. तेलकट मळाचा अर्थ असा, की चरबी पचवणारे लायपेज पुरेसे येत नाही. ग्रंथीत यासाठी इतका राखीव साठा असतो, की साधारण नव्वद टक्के क्षमता गेल्यावरच हे लक्षण उघड दिसते. म्हणजे आजार दोन महिन्यांचा नसून कित्येक वर्षांचा असू शकतो. स्वादुपिंडासाठी नियोजित, शिरेतून औषध देऊन काढलेला सीटी स्कॅन आणि स्वादुपिंडातून येणाऱ्या इलास्टेज या विकराचे मळातील प्रमाण, या दोन तपासण्यांबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला. सीटीत भोवतालच्या रक्तवाहिन्याही नीट पाहायला सांगा. आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या, तरी जेवणानंतर अर्ध्या तासात दुखते, माणूस खायला घाबरतो आणि वजन उतरते. धूम्रपान करणाऱ्याच्या बाबतीत ही शक्यता वगळलीच पाहिजे. त्यात पुढे वाकून आराम पडणे आणि तेलकट मळ ही लक्षणे सहसा नसतात, पण चित्र इतके सारखे असते की केवळ वर्णनावर विसंबू नये.

दरम्यान डोळे पिवळे दिसले, ताप आला, उलट्या थांबेनात, मळ डांबरासारखा काळा झाला किंवा दुखणे काही तास कशानेच कमी होईना, तर भेटीची वेळ येण्याची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात जा. दुखण्यासाठी सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने रोज घेऊ देऊ नका, कारण त्यांनी जठराला खरोखरच अल्सर होऊ शकतो आणि मग दोन दुखण्यांचा गुंता सोडवावा लागेल.

माळरान

मी सहसा लिहीत नाही, पण साखरेचा आकडा वाचून राहवले नाही. माझ्या वडिलांना ६३व्या वर्षी अचानक मधुमेह झाला. घराण्यात कोणालाही नव्हता आणि त्यांचे वजन वाढलेले नव्हते, उलट उतरत होते. पाठ रात्री अधिक दुखायची, ते टेबलावर डोके टेकवून झोपत. आम्ही वजन घटण्याचे श्रेय पथ्याला दिले आणि पाठीला तेल लावत राहिलो. पाच महिन्यांनी सीटीत शेपटीच्या भागात गाठ सापडली. तोपर्यंत ती यकृतात पसरली होती. कावीळ मात्र त्यांना कधीच झाली नाही. 'कावीळ नाही म्हणजे गाठ नाही' असे आम्हाला कोणीतरी सांगितले होते आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. पन्नाशीनंतर अकारण साखर वाढणे, वजन घटणे आणि पाठदुखी हे तिन्ही एकत्र दिसले, तर कृपया कोणीही थांबू नका.

वाटसरू

@माळरान, तुम्ही हे लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. शीर्षातली गाठ पित्तनलिका दाबते म्हणून कावीळ लवकर दिसते. मध्यभागातली किंवा शेपटीतली गाठ पित्तनलिकेपासून दूर असते, त्यामुळे तिचे पहिले लक्षण बहुधा पाठीकडे जाणारे दुखणे आणि वजन घटणे हेच असते. ही गाठ मज्जातंतूंच्या वेष्टनात शिरते, म्हणून तिचे दुखणे हळूहळू जेवणाची वेळही पाळेनासे होते आणि रात्री अधिक छळते. तुमच्या घरात कोणाकडून निष्काळजीपणा झाला असे मला वाटत नाही. हा अवयव खरोखरच लपून बसतो.

पिंपळपान

सीटी झाला. स्वादुपिंडात जागोजागी खडे आहेत. शीर्षाजवळ नलिकेत ९ मिलिमीटरचा एक खडा अडकला आहे आणि त्याच्यामागे मुख्य नलिका ८ मिलिमीटरपर्यंत फुगली आहे. नॉर्मल नलिका साधारण ३ मिलिमीटर असते, असे डॉक्टरांनी सांगितले. धमन्या मोकळ्या आहेत. मळातील इलास्टेज ८४ आले, ते २०० च्या वर असायला हवे. गाठ दिसली नाही, तरी खात्रीसाठी एंडोस्कोपीच्या नळीतून केली जाणारी सोनोग्राफी केली आणि त्यातही गाठ आढळली नाही. निदान जुनाट स्वादुपिंडदाहाचे झाले आहे.

विकरांच्या कॅप्सूल सुरू केल्या. सुरुवातीला आम्ही त्या जेवणाआधी अर्धा तास देत होतो आणि उपयोग होत नव्हता. आता पहिल्या घासाबरोबर निम्म्या आणि जेवणाच्या मध्यावर उरलेल्या, अशा दर मुख्य जेवणाला एकूण ५०,००० युनिट लायपेजच्या घेतात. दहा दिवसांत मळ सुधारला. दुखणे मात्र थोडेच कमी झाले आहे.

पुढचा पेच असा आहे. एक डॉक्टर म्हणतात, बाहेरून ध्वनिलहरींचे आघात करून खडा फोडू आणि तोंडातून नळी घालून नलिका मोकळी करू. दुसरे म्हणतात, नलिका इतकी फुगली आहे तर थेट शस्त्रक्रिया करून ती आतड्याला जोडावी. काय करावे, हे कळत नाही.

वाटसरू

कॅप्सूल अन्नात मिसळाव्या लागतात, त्यामुळे आता तुम्ही देता ती पद्धत योग्य आहे. त्या पचनासाठी निश्चित उपयोगी आहेत. दुखण्यावरचा त्यांचा परिणाम मात्र अभ्यासांत एकसारखा दिसत नाही, म्हणून दुखणे फारसे हलले नाही तर नवल नाही.

पेचाबद्दल माझे मत सांगतो. नेदरलँड्समध्ये ८८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, फुगलेली नलिका असलेल्या रुग्णांना लवकर शस्त्रक्रिया केल्यावर, आधी एंडोस्कोपीच्या मार्गाने गेलेल्यांपेक्षा दीड वर्षात दुखणे कमी आढळले. त्यामुळे शस्त्रक्रियेचा पर्याय शेवटचा म्हणून बाजूला ठेवू नये, या मताचा मी आहे. परंतु फरक प्रचंड नव्हता. ज्यांची नलिका खड्यांपासून पूर्ण मोकळी झाली, त्यांना एंडोस्कोपीनेही चांगला आराम पडला. शीर्षाजवळ एकटा खडा असेल तर तो मार्ग वापरून पाहणे चूक ठरणार नाही. मात्र नळ्या बदलत वर्ष-वर्ष घालवू नये, कारण वेदनेचे तंतू दीर्घकाळ डिवचले गेले की अडथळा दूर झाल्यावरही मज्जारज्जू दुखणे चालूच ठेवतो. शस्त्रक्रिया चांगली होऊनही दुखणे राहिलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

दीपमाळ

हा आजार जुना झाला की ग्रंथी थकून जाते आणि दुखणे आपोआप थांबते, असे मी कुठेतरी वाचले होते. मग थांबून पाहणे हाही पर्याय नाही का?

वाटसरू

ही कल्पना जुनी आहे आणि काही रुग्णांच्या बाबतीत तसे घडतेही. पण कोणाचे दुखणे थांबेल आणि किती वर्षांनी थांबेल, हे आधी सांगता येत नाही, आणि बऱ्याच जणांचे थांबतच नाही. नऊ किलो वजन गमावलेल्या माणसाला त्या भरवशावर ठेवायला माझे मन धजत नाही. अर्थात यावर माझ्या काही सहकाऱ्यांचे मत वेगळे होते, हेही सांगतो.

आणखी एक, ताई. या आजारातली साखर नेहमीच्या मधुमेहासारखी वागत नाही. इन्सुलिनबरोबर साखर वर आणणारे ग्लुकागॉनही कमी पडते. त्यामुळे इन्सुलिन सुरू झाले आणि जेवण चुकले, तर साखर झपाट्याने खाली जाऊ शकते. दुखेल म्हणून जेवण टाळायची सवय लागलेल्या माणसाला हा धोका अधिक असतो. जो डॉक्टर साखर पाहील, त्याला स्वादुपिंडाचे निदान आवर्जून सांगा.

पिंपळपान

आधी खडा फोडायचे ठरवले आहे. तीन महिन्यांत फरक पडला नाही तर शस्त्रक्रिया करायची, आणि शल्यचिकित्सकांची भेटही आत्ताच ठरवून ठेवली आहे. सिगारेट बंद होऊन आज अकरा दिवस झाले. इन्सुलिन अजून सुरू नाही, पण काल साखरेच्या डॉक्टरांना सीटीचा अहवाल दाखवला, तेव्हा त्यांनी लिहून दिलेली गोळी बदलली. सहा वर्षांपूर्वीच्या दाखल्याची कागदपत्रे रुग्णालयातून मागवली आहेत. त्या वेळी लायपेज तपासले होते का, हे पाहायचे आहे. मिळाली की इथे लिहीन.